खवणीसाठी नारळ फोडताना

देवळाच्या पायरीवर नारळ आपटला की त्याची दोन शकलं होतात की पाच, याची कुणी फिकीर करत नाही. देवाला फुटण्याशी कारण. पण तोच नारळ खवायचा असेल, तर तो कसा फुटला यावर पुढचा अर्धा तास अवलंबून असतो. मधोमध गोल फुटलेला नारळ दोन खोलगट वाट्या देतो आणि त्या वाट्या खवणीवर सहज फिरतात. वेडावाकडा फुटला तर हाती त्रिकोणी तुकडे येतात. ते खवणीवर धरताच येत नाहीत, आणि मग सुरी घेऊन खोबरं उचकटत बसावं लागतं. खवणं अवघड वाटतं म्हणून ज्यांनी घरी ओला नारळ आणणंच सोडलं आहे, त्यांतल्या बऱ्याच जणांची अडचण खवण्यात नसते, ती फोडण्यात असते.

सुरुवात बाजारात होते. नारळ कानाशी धरून हलवायची सवय सगळ्यांना असते. त्यातून काय कळतं हे मात्र नीट माहीत असायला हवं. पाणी खळखळलं आणि नारळ हाताला जड लागला तर तो खवायला योग्य. आवाजच आला नाही तर दोन शक्यता उरतात. एक तर तो काठोकाठ भरलेला, अजून पुरता न पिकलेला आहे. कोकणात अशाला आडसर म्हणतात. नाहीतर पाणी पूर्ण आटून आत गोटा झालेला आहे. जडपणावरून या दोघांतला फरक लगेच कळतो. आडसर जड असतो, पण त्याचं खोबरं मऊ असल्याने खवणीवर त्याचा ओला लगदा होतो. गोटा हलका असतो. त्याचं खोबरं किसणीवर किसायचं, खवायचं नाही. झाडावर साधारण अकरा-बारा महिने राहून उतरवलेला नारळ खवण्यासाठी सर्वांत चांगला.

मग डोळे पाहायचे. शेंडीखाली तीन डोळे असतात आणि त्यांतला एक मऊ असतो. नारळाचा कोंब तिथूनच बाहेर येतो. बुरशी आणि ओलही आधी तिथूनच आत शिरते. डोळ्यांभोवती ओलसर डाग किंवा बुरशी दिसली तर नारळ परत ठेवावा. घरात साठवायच्या नारळाची शेंडी काढू नये असं सांगतात, त्याचं कारण हेच. शेंडी त्या मऊ डोळ्यावरचं झाकण असते.

आता फोडायचं. आधी नारळाच्या कंबरेभोवतीचे काथ्याचे धागे ओढून काढावेत. धागे राहिले तर कोयत्याचा घाव त्यांच्यावर बसतो, करवंटीपर्यंत पोचतच नाही, आणि फुटल्यावर तेच धागे चवात येतात. कोयता असेल तर त्याची धार नाही, बोथट पाठ वापरायची. धारेने मारलं की ती करवंटीत रुतते किंवा घसरून हातावर येते. शहरातल्या घरात कोयता नसतो, तिथे खलबत्त्यातला बत्ता किंवा छोटी हातोडी चालते.

नारळ नीट पाहिला तर डोळ्यांकडून दुसऱ्या टोकाकडे जाणाऱ्या तीन उंच शिरा दिसतात. या शिरांना आडवी जाणारी, दोन्ही टोकांपासून सारख्याच अंतरावरची रेषा मनात आखायची, पृथ्वीच्या गोलावर विषुववृत्त असतं तशी. सगळे घाव याच रेषेवर पडायला हवेत. नारळ डाव्या तळहातावर आडवा धरायचा, म्हणजे एक टोक अंगठ्याकडे आणि दुसरं करंगळीकडे येईल. बोटं रेषेच्या खाली राहायला हवीत. तळहातावर मारायला भीती वाटत असेल तर जाड फडक्याची चुंबळ करून तिच्यावर नारळ ठेवावा. यात कमीपणा काही नाही. कठीण ओट्यावर मात्र ठेवू नये, एक तर नारळ निसटतो आणि ओटाही तडकू शकतो.

इथे बहुतेकांचा हात घाईला येतो. एकच जोरदार घाव घातला की करवंटी जिथे कच्ची असेल तिथे फुटते, आणि ती जागा आपल्या रेषेवरच असेल याची खात्री नसते. त्यापेक्षा मध्यम जोराचा एक घाव, नारळ थोडा फिरवायचा, पुन्हा घाव, पुन्हा फिरवायचा. असे एक-दोन फेरे झाले की करवंटीत रेषेवरच बारीक तडे पडतात आणि ते एकमेकांना जोडले जातात. हे डोळ्यांच्या आधी कानाला कळतं. अख्ख्या नारळाचा आवाज टणक, खणखणीत येतो. तडा गेला की तोच आवाज बसका होतो. बसका आवाज आला की जोर कमी करायचा आणि खाली भांडं घ्यायचं, कारण पाणी झिरपायला लागलेलं असतं. तडा जरासा रुंदावला की त्यात कोयत्याचं टोक घालून हलकेच पिरगळलं, म्हणजे नारळ उघडतो.

पाणी गाळून घ्यावं, त्यात करवंटीचे कण असतात. आणि दुसरं काही करण्याआधी ते चाखावं. आंबट किंवा साबणासारखी चव लागली, तर वाट्यांचा वास घ्यायचा. ताज्या खोबऱ्याला गोडसर, सौम्य वास असतो. खवट तेलाचा वास आला किंवा आतला भाग पिवळसर, बुळबुळीत लागला, तर तो नारळ स्वयंपाकात घेऊ नये. खवट नारळाचा वास शिजवूनही जात नाही, उलट पूर्ण पातेल्यात पसरतो. एका नारळापायी सगळी आमटी टाकण्यापेक्षा नारळ टाकावा. आत पांढरा, हलका, स्पंजासारखा गोळा दिसला तर घाबरायचं कारण नाही. नारळ रुजायला लागला होता, एवढाच त्याचा अर्थ. तो गोळा गोड लागतो आणि तो मुलांनी पळवायचा असतो.

खवणी पुष्कळ ठिकाणी वेगवेगळ्या रूपात भेटते. आपल्याकडे ती विळीच्या टोकाला असते, पसरट, गोलाकार आणि दातेरी. मालवणी घरातला आडाळो म्हणजे हीच विळी. केरळात चिरवा असतो, आणि थायलंडमध्ये तर जुन्या खवणीचं बसायचं लाकूड सशाच्या आकारात कोरलेलं असायचं. सगळीकडे तत्त्व एकच : खवणी जागची हलत नाही, नारळ हलतो. किसणीची गोष्ट वेगळी. तिथे बोट आणि दाते यांच्यामध्ये फक्त खोबऱ्याचा तुकडा असतो, आणि तुकडा संपला की बोट सुरू होतं. खवणीवर मात्र हातात करवंटीची वाटी असते आणि बोटं तिच्या बाहेर सुरक्षित राहतात.

धोका वेगळ्याच ठिकाणी असतो. विळीचं पातं खवणीच्या खालीच उभं असतं आणि खवताना मनगट त्याच्याजवळून जातं. म्हणून खवण्याआधी पात्याला जाड फडकं गुंडाळावं. पाय पाटावर घट्ट ठेवावा, खाली परात किंवा पसरट ताट सरकवावं आणि वाटी दोन्ही तळव्यांत धरून तिचा आतला भाग दात्यांवर टेकवावा.

इथे सुरुवात कुठून करायची यावर घरोघरी मतं असतात. माझं मत कडेपासून सुरू करण्याच्या बाजूचं आहे. मधून सुरुवात केली तर खोबरं मध्ये पातळ होतं आणि कडेचा जाड भाग शेवटी करवंटीपासून सुटून तुकड्यांनी पडतो. कडेपासून गेलं तर खोबऱ्याची पकड शेवटपर्यंत टिकते. दोन-चार छोट्या ओढी, मग वाटी थोडी फिरवायची, पुन्हा तितक्याच ओढी. पूर्ण फेरा झाला की थोडं आत. दाब हलका ठेवायचा. जोर दिला की दाते खोलवर रुततात आणि चवाऐवजी तुकडे पडतात. हात हलका असला तर चव पिसासारखा मोकळा पडतो. मिक्सरमध्ये तुकडे फिरवून तसा चव मिळत नाही. पात्याने खोबरं ठेचलं जातं, त्याचं दूध सुटतं आणि कण एकमेकांना चिकटतात.

थांबायचं कुठे, हा यातला खरा कसबाचा भाग. खोबऱ्याच्या पाठीला करवंटीलगत तपकिरी पातळ साल असते. ती चवात आली की रंग मळकट होतो आणि थोडा तुरटपणाही येतो. उकडीच्या मोदकांचं उदाहरण घेऊ. अकरा मोदकांसाठी साधारण दोन वाट्या चव आणि एक वाटी चिरलेला गूळ लागतो, आणि मध्यम आकाराच्या एका नारळातून तेवढा चव निघतो. त्यासाठी दोन्ही वाट्या खवताना पहिला तपकिरी कण परातीत दिसला की त्या जागी थांबायचं आणि वाटी फिरवायची. दोन्ही वाट्या संपल्या तरी करवंटीला पातळ थर उरतोच. तो खवून वेगळ्या वाटीत काढायचा. सारणात तो घालू नये. वाटणासाठी कांद्याबरोबर भाजला की त्याचा रंग कुणाच्या लक्षात येत नाही. सोलकढीसाठीही पांढराच चव घ्यावा, नाहीतर कोकमाचा गुलाबी रंग मळका दिसतो.

आणि नारळ सगळी काळजी घेऊनही वेडावाकडा फुटलाच, तर तुकड्यांची करवंटीकडची बाजू मंद गॅसवर दोन-तीन मिनिटं फिरवून शेकावी. गरम झालं की खोबऱ्याची पकड सैल होते, कधी कधी बारीकसा तडतड आवाजही येतो. थोडं निवू द्यावं आणि मग बोथट सुरीचं टोक करवंटी आणि खोबरं यांच्यामध्ये सरकवून हलकेच उचलावं. टोकदार सुरी इथे वापरू नये, ती तुकड्यातून आरपार जाऊन तळव्यात घुसते. घाई नसेल तर तुकडे रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून सकाळी बाहेर काढले, तरी खोबरं सुटं होतं. निघालेल्या तुकड्यांची साल सोलकाढण्याने काढून ते किसणीवर किसता येतात, मात्र चव खवणीच्या तोडीचा मोकळा होत नाही.

चव उन्हाळ्यात ओट्यावर काही तासांतच आंबतो, तेव्हा लगेच न लागणारा डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवावा. तिथे तो तीन-चार दिवस टिकतो. जास्त असेल तर एका वेळेला लागेल तेवढ्या पुड्या करून फ्रीजरमध्ये टाकाव्यात, तिथे महिनाभर तरी काळजी नाही. एकच वाटी खवली आणि दुसरी उरली असेल, तर तिच्या आत थोडं मीठ चोळून ती फ्रीजमध्ये ठेवावी. दुसऱ्या दिवशी तिचा पृष्ठभाग गुलाबीसर किंवा चिकट दिसला, तर ती टाकून द्यावी, नाहीतर वास घेऊनच ती खवायला बसायचं.