कोणती सुई?

‘सुई टोचली’ एवढं सांगून रुग्णालयात भागत नाही. सांगणारीचा हात नळाखाली असतानाच पुढचा प्रश्न येतो : कोणती सुई? कुणाला वापरलेली? आणि किती वाजता? बाहेरच्या माणसाला ही कागदपत्रांची घाई वाटेल. पण नर्सचं पुढचं सगळं या तीन उत्तरांवर ठरतं.

एक प्रसंग घेऊ. तो कुण्या एका रुग्णालयातला नाही, पण कुठल्याही जिल्ह्याच्या गावातली सिस्टर तो ओळखेल. पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड, नाइट ड्यूटी, दोन वाजून दहा मिनिटं. तापाच्या पेशंटचं रक्त काढून झालं, ट्यूबमध्ये भरून झालं. निडल कटर होता नर्सिंग स्टेशनवर, वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला. उघडी सुई घेऊन तेवढं चालायचं कसं, म्हणून सिस्टरने टोपण परत लावायला घेतलं. टोपण चुकलं आणि सुई हातमोज्यातून डाव्या तर्जनीत गेली. रक्ताचा थेंब आला.

तिने पहिली गोष्ट केली ती आपण सगळेच करतो : बोट दाबलं. दुसऱ्या हाताने स्पिरिटची बाटली उचलली. सोबतच्या सीनियर सिस्टरने दोन्ही थांबवलं. दाबल्याने आत गेलेलं बाहेर येतं याला आधार नाही, उलट तिथली पेशीजाळी चेचली जाते. स्पिरिट, बीटाडीन, ब्लीच यांनी जखम चिडते, विषाणू मात्र धुतला जात नाही. बोट तोंडात घालणं तर नकोच. वाहतं पाणी आणि साधा साबण, बस. मग वॉर्ड दुसरीकडे सोपवून तिला कॅज्युअल्टीत पाठवलं.

तिथे फॉर्म निघाला. ‘उपकरण’ या रकान्यात तिने आधी नुसतं ‘सुई’ लिहिलं होतं. डॉक्टरांनी ते पुरं करून घेतलं : ५ मिलीची सिरिंज, २२ गेजची पोकळ सुई, शिरेतून रक्त काढण्यासाठी वापरलेली, आत रक्त दिसत होतं. यातला प्रत्येक शब्द धोका बदलतो. टाके घालायची सुई भरीव असते. हातमोज्यातून जाताना तिच्यावरचं बरंच रक्त रबराला पुसलं जातं. पोकळ सुईच्या नळीतलं रक्त मात्र मोजा पुसू शकत नाही. त्यातून ती शिरेत जाऊन आलेली. इन्सुलिनची बारीक सुई कातडीखाली टोचून आलेली असती, तर हिशोब बराच सौम्य झाला असता. आपल्याकडच्या एचआयव्हीच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत शिरेत वापरलेल्या सुईची जखम ‘गंभीर’ या पायरीवर मोजतात, मग ती दिसायला कितीही लहान असो.

दुसरा रकाना ज्याचं रक्त होतं त्या पेशंटचा. फॉर्मच्या भाषेत तो ‘सोर्स’. त्याचा एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांचा रिपोर्ट आहे का? नव्हता. मग त्याला उठवून, काय झालं ते सांगून, त्याची संमती घेऊन रक्त तपासायला पाठवलं. संमतीशिवाय एचआयव्हीची चाचणी करता येत नाही, २०१७च्या कायद्याने तसं बंधन घातलं आहे. निकालही गुप्त ठेवायचा असतो, खाटेवरच्या पाटीवर लिहायचा नसतो.

निकालाची वाट पाहत गोळी मात्र थांबवायची नाही. एचआयव्ही रोखणाऱ्या औषधाची पहिली मात्रा शक्यतो दोन तासांच्या आत द्यायची असते. ७२ तासांनंतर तिचा उपयोग धरत नाहीत. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर एकत्र असलेली गोळी रोज एक, २८ दिवस. सिस्टरने पहिली गोळी २ वाजून ५० मिनिटांनी घेतली. वेळ फॉर्मवर लिहिली. त्याआधी तिचंही रक्त घेतलं तेव्हा ती जराशी दुखावली. ‘माझं कशाला?’ तिच्यावर संशय म्हणून नाही. आज तिच्या रक्तात काही नव्हतं एवढं कागदावर असलं, तरच पुढे काही निघाल्यास ते ड्यूटीवर झालं हे दाखवता येतं.

साडेतीनला रिपोर्ट आले. एचआयव्ही निगेटिव्ह, हिपॅटायटिस सी निगेटिव्ह. डॉक्टरांनी पेशंटला नजीकच्या काळातल्या धोक्यांबद्दल एकांतात विचारलं, कारण लागण अगदी ताजी असेल तर चाचणी कोरी येऊ शकते. तसं काही निघालं नाही, म्हणून गोळी बंद. सिस्टरचा जीव भांड्यात पडला. पण तिसऱ्या ओळीत होतं : हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह.

भीती एचआयव्हीची वाटते, पण आकडे वेगळंच बोलतात. एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई टोचली तर लागण होण्याचं प्रमाण सरासरी हजारात तीन. हिपॅटायटिस बीचं, लस नसलेल्या माणसात, शंभरात सहापासून तीसपर्यंत.

लस तर तिने घेतली होती, नर्सिंग कॉलेजात, तिन्ही डोस. प्रश्न होता लस लागू पडली होती का. निरोगी माणसांतही काहींना ती लागू पडत नाही. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातलं प्रतिपिंडांचं प्रमाण, म्हणजे टायटर, तपासलं की ते कळतं. दहा किंवा त्याहून जास्त आलं तर संरक्षण आहे. तिचं तेव्हा कुणी तपासलं नव्हतं. आता सकाळी अकराला टायटर आलं चार. गंमत अशी, की तेव्हाचा एखादा कागद दहाच्या वरचा आकडा दाखवत असता, तर आजच्या चारला कुणी घाबरलं नसतं. टायटर वर्षांनुवर्षं उतरत जातं, पण एकदा तयार झालेली शरीराची आठवण टिकते. कागद नसल्यामुळे हे उतरलेलं चार की कधीच न चढलेलं चार, हे कळायला मार्ग नाही. अशा वेळी न चढलेलंच धरून चालतात.

म्हणून तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, इम्युनोग्लोब्युलिन. किलोमागे ०.०६ मिली, म्हणजे ५५ किलोच्या सिस्टरला ३.३ मिली, स्नायूत. ते २४ तासांच्या आत मिळालेलं बरं. तिला दुपारी एकला मिळालं. दुसऱ्या दंडात लसीचा पहिला डोस, पुन्हा नव्याने. बाहेरून आलेली ही प्रतिपिंडं काही महिने रक्तात राहतात, त्यामुळे मधल्या काळात टायटर काढलं तर ते उसनं निघतं.

शेवटचा रकाना : कसं घडलं? सिस्टरने लिहिलं होतं, ‘माझ्या हलगर्जीपणामुळे’. इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरने ते मान्य केलं नाही. १९८८ साली अमेरिकेत जॅनीन जॅगर आणि सहकाऱ्यांनी एका रुग्णालयातल्या ३२६ अशा जखमा मोजल्या होत्या. डिस्पोजेबल सिरिंजमुळे सर्वांत जास्त, ३५ टक्के. पण कोणतं उपकरण किती खरेदी झालं त्याने भागून पाहिलं तर उलटं निघालं : सिरिंज सर्वांत कमी धोक्याची आणि वापरल्यावर सुटी करावी लागणारी उपकरणं पाचपटीपर्यंत जास्त. एक तृतीयांश जखमा टोपण परत लावताना झालेल्या. उपकरणाचं नाव लिहिलं नसतं तर सगळ्या जखमा हलगर्जीपणाच्याच खात्यात गेल्या असत्या.

टोपण लावू नका हे प्रत्येक नर्सला पाठ असतं. तरी ती लावते, कारण हातात उघडी सुई असते आणि कटर लांब असतो. दोन धोक्यांतला तिला जवळचा वाटणारा ती टाळते. फॉर्मवरची ओळ खोडून नवी लिहिली गेली : ‘निडल कटर खाटेपासून सुमारे तीस पावलं दूर.’

आता कटर ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात असतो. शेजारी न टोचणारा पांढरा डबा. सिस्टरच्या नोंदीखाली दोन तारखा अजून रिकाम्या आहेत : एक महिन्यानंतरचा डोस, आणि सहा महिन्यांनंतरचा डोस व हिपॅटायटिस बीची तपासणी. पहिलीसमोर इनचार्ज सिस्टरने पेन्सिलीने लिहून ठेवलंय, ‘सुट्टीवर गेली तरी फोन करणे’.