खुर्ची रिकामी नसताना माणूस शोधायचा तर

समजा, चाकणमधल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका घरच्या कंपनीला नवा सीएफओ हवा आहे. सध्याचा सीएफओ कामावर आहे आणि त्याला एवढ्यात कळता कामा नये. जाहिरात देण्याचा प्रश्नच नाही. अशा वेळी मालक एक्झिक्युटिव्ह सर्च फर्मला बोलावतात.

पहिल्याच बैठकीत ठरवायचं ते गुपिताचं. कंपनीत कोणाकोणाला माहीत आहे, फर्मने कोणत्या नंबरवर बोलायचं आणि उमेदवाराला कंपनीचं नाव कधी सांगायचं, हे लिहून घ्यावं. नाव सहसा गोपनीयतेच्या करारावर सही झाल्यावर सांगतात. तोवर जे वर्णन पाठवलं जातं, ते मालकांनी स्वतः वाचावं. ‘चाकणची, जर्मन भागीदार असलेली, ब्रेकचे भाग बनवणारी कंपनी’ एवढं लिहिलं तरी पुण्यातला जाणकार नाव ओळखतो.

दुसरी गळती बिलातून होते आणि ती फार कमी जणांच्या लक्षात येते. सर्च फर्मने बिल काढून आपलं विवरणपत्र भरलं की ते कंपनीच्या जीएसटी पोर्टलवर जीएसटीआर-२बीमध्ये फर्मच्या नावासह दिसतं. तो तक्ता जुळवणारे लोक सीएफओच्याच हाताखाली असतात. म्हणून करार कोणत्या कंपनीच्या नावाने करायचा, हे सीएसोबत आधीच ठरवावं. समूहात मुख्य कंपनी वेगळी असेल, तर तिनेच तो करावा.

आता फी. रिटेन्ड पद्धतीत ती साधारणपणे पहिल्या वर्षाच्या पगाराच्या एक तृतीयांशापर्यंत जाते आणि तीन हप्त्यांत द्यायची असते. पहिला हप्ता काम सुरू होताना द्यावा लागतो आणि माणूस मिळाला नाही तरी तो सहसा परत येत नाही. भांडण होतं ते ‘पगार’ म्हणजे काय यावर. ठरलेला पगार ९० लाख आणि कामगिरीवरचा भाग ३० लाख असेल, तर एकूण रकमेवर फी ४० लाख होते आणि फक्त ठरलेल्या पगारावर ३० लाख. वर १८ टक्के जीएसटी. शेअर्सचा वाटा धरायचा की नाही, हेही करारात स्पष्ट हवं. दुसरी पद्धत माणूस रुजू झाल्यावरच पैसे देण्याची. तीत एकच माहिती अनेक एजन्सींकडून फिरते. गुप्त भरतीसाठी ती मला धोक्याची वाटते.

शोधाची व्याप्ती सांगताना ‘अनुभवी माणूस हवा’ म्हणून भागत नाही. कोणत्या कंपन्यांतून माणूस चालेल, कोणत्या ग्राहक किंवा पुरवठादाराला हात लावायचा नाही, आणि उमेदवार पुण्यात राहायला येईल का, हे सांगावं. उलट फर्मलाही एक प्रश्न विचारावा: तुमच्या कोणत्या ग्राहकांकडून तुम्ही माणसं काढू शकत नाही? ती यादी पुण्या-मुंबईच्या वाहन उद्योगाने भरलेली असेल, तर फर्म कितीही नामांकित असो, या कामापुरती ती निम्मी बांधलेली आहे. दुसरी बघावी.