०.३५ मोठे की ०.५? एका पाठाची ई-पोर्टफोलिओतली नोंद

बी.एड.चा अभ्यासक्रम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनंतर दोन वर्षांचा झाला आणि शालेय आंतरवासितेला एकूण वीस आठवडे मिळाले. त्यातले सोळा दुसऱ्या वर्षी येतात. एवढा काळ शाळेत राहणारा छात्राध्यापक रोज काही ना काही लिहून ठेवतो. पाठ कसा गेला, मुलं कुठे अडली, मार्गदर्शकांनी काय सांगितलं, असं सगळं वहीत जमा होतं. वर्षाअखेरीस ई-पोर्टफोलिओ मागितला की बरेच जण या वहीची पानं मोबाइलवर स्कॅन करतात, त्यांची एक पीडीएफ करतात आणि चढवून मोकळे होतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्या वहीत खरोखर काही शिकलेलं असतं आणि शंभर पानांच्या पीडीएफमध्ये ते कुणालाच सापडत नाही.

वही स्वतःसाठी असते. तिच्यात घाई चालते, चिडचिड चालते, अर्धवट वाक्यं चालतात. पोर्टफोलिओतली नोंद मात्र तो वर्ग न पाहिलेल्या माणसासाठी असते, मग तो परीक्षक असो की उद्या मुलाखत घेणारा मुख्याध्यापक. तिला तीन गोष्टी लागतात: आपण काय शिकलो याचं एक विधान, ते तपासता येईल असा पुरावा आणि त्या पुराव्याकडे बघून केलेलं थोडक्यात चिंतन. यातला पुरावा मधोमध आहे, आणि गाडी अडते तीही तिथेच.

एक उदाहरण घेऊ. समजा, एक छात्राध्यापिका सहावीला दशांश अपूर्णांक शिकवते आहे. तिच्या वहीत एका दिवशी असं लिहिलेलं आहे: ‘आज लहान-मोठेपणा घेतला. वर्ग गप्प होता, म्हणून वाटलं समजलं. शेवटी पाच जोड्या दिल्या तर अर्ध्या वर्गाने ०.५ पेक्षा ०.३५ मोठा लिहिला! खूप निराश. वेळ पुरला नाही. उद्या परत.’ दुसऱ्या दिवशीचं पान: ‘शंभर चौकोनांचा कागद दिला. ०.५ आणि ०.३५ रंगवायला लावले. एकदम फरक पडला. परत पाच जोड्या, बहुतेक बरोबर. बाई खूश.’

या दोन पानांत नोंद दडलेली आहे. पण सरळ उतरवली तर ‘शैक्षणिक साधन वापरल्यावर मुलांना छान समजलं’ असं गोड वाक्य तयार होईल आणि ते कुणाच्याही पोर्टफोलिओत खपेल. म्हणून लिहायला बसण्याआधी मुलांच्या उत्तरपत्रिका पुन्हा काढायच्या. या छात्राध्यापिकेने त्यांचे फोटो काढून ठेवलेले आहेत, हे महत्त्वाचं. पुरावा पाठाच्या दिवशीच साठवावा लागतो. महिन्याभराने आठवण राहते, कागद राहत नाहीत.

पहिल्या दिवशी चुकलेल्या मुलांची उत्तरं पाहिली की चूक एकाच वळणाची दिसते. त्यांनी दशांश चिन्हानंतरचे अंक पूर्ण संख्या म्हणून वाचले आहेत: पस्तीस पाचापेक्षा मोठे, म्हणून ०.३५ मोठा. जगभरचे गणिताचे शिक्षक ही समजूत ओळखतात. आपल्याकडे तिला बोलण्याचीही मदत होते. वर्गात आपण सर्रास ‘शून्य पॉइंट पस्तीस’ म्हणतो, आणि रुपये-पैशांच्या उदाहरणात तर चिन्हानंतरचे अंक खरोखरच वेगळ्या पैशांसारखे वाचतो. शून्य दशांश चिन्ह तीन पाच असं म्हटलं, तर निदान ‘पस्तीस’ कानावर पडत नाही.

आता दुसऱ्या दिवशीच्या पत्रिका. बरोबर उत्तरं वाढली आहेत, यात शंका नाही. पण कारण लिहा म्हटल्यावर एका मुलाने लिहिलं आहे: ‘०.३५ लहान, कारण शतांश दशांशापेक्षा लहान असतात.’ उत्तर बरोबर आहे आणि कारण फसवं आहे. हाच नियम लावला तर ०.४ आणि ०.६५ या जोडीत तो मुलगा ०.४ मोठा म्हणेल. मग छात्राध्यापिका आपल्या पाच जोड्या तपासते. ०.५ आणि ०.३५, २.४ आणि २.१३, ०.७ आणि ०.६८... पाचही जोड्यांत कमी अंकांची संख्याच मोठी आहे! म्हणजे ‘अंक कमी ती मोठी’ असा उलटा चुकीचा नियम धरलेल्या मुलालाही तिच्या चाचणीत पाचपैकी पाच मिळतात. रंगवलेल्या चौकोनांनी किती मुलांची समज बदलली आणि किती मुलांनी एक चूक सोडून दुसरी पकडली, हे ही चाचणी सांगूच शकत नाही.

नोंदीचं विधान इथे बदलतं. ‘साधनामुळे मुलांना समजलं’ याच्या जागी येतं: ‘माझी चाचणी बरोबर उत्तर आणि बरोबर समज यांत फरक करू शकत नव्हती, हे मुलांनी लिहिलेल्या कारणांवरून मला कळलं.’ हे विधान छोटं आहे, पण ते तिच्याच कामातून आलेलं आहे आणि दुसऱ्याला तपासता येतं.

पुरावा म्हणून काय जोडायचं, हे यावरून ठरतं. फळ्यासमोर उभी असलेली छात्राध्यापिका, हसणारी मुलं, कार्यशाळेचं प्रमाणपत्र या गोष्टी पोर्टफोलिओत फार दिसतात. त्यांतून ती वर्गात होती एवढंच सिद्ध होतं. या नोंदीला तीनच दुवे पुरतात: पहिल्या दिवशीची एक चुकलेली पत्रिका, ‘शतांश लहान असतात’ हे कारण असलेली दुसऱ्या दिवशीची पत्रिका आणि पाच जोड्यांचा कागद. प्रत्येक दुवा नेमक्या त्या पानावर न्यायला हवा. चाळीस पत्रिकांचं फोल्डर जोडून ‘यात आहे’ म्हणणं म्हणजे वाचणाऱ्याला कामाला लावणं. दुव्याचं नावही ‘येथे क्लिक करा’ असं नको. ‘दुसऱ्या दिवशीची पत्रिका: उत्तर बरोबर, कारण चुकीचं’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला उघडण्याआधीच कळतं की कशाकडे बघायचं आहे.

मुलांची ओळख मात्र झाकायलाच हवी. नाव, हजेरी क्रमांक, शाळेचा शिक्का हे फोटोतून कापून टाकायचं आणि चेहरे घ्यायचेच नाहीत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, सहावीतल्या मुलाची चूक त्याच्या नावासकट वर्षानुवर्षं नेटवर राहावी, हे कुठल्याच शिक्षकाला पटू नये. उत्तरपत्रिका वापरण्यापूर्वी वर्गशिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना विचारायचं, हेही ओघाने आलंच.

आता एक तांत्रिक बाब, कारण चांगल्या नोंदी इथे हकनाक वाया जातात. अनेक महाविद्यालयांत पोर्टफोलिओ गूगल साइट्सवर करतात आणि पुरावे गूगल ड्राइव्हमध्ये ठेवतात. साइट प्रकाशित केली म्हणजे ड्राइव्हमधल्या फाइलीही सगळ्यांना दिसतील, असा समज असतो. तसं होत नाही. फाइलची परवानगी वेगळी असते आणि सुरुवातीला ती `Restricted` असते. छात्राध्यापिका स्वतःच्या खात्यात असल्यामुळे तिला सगळं व्यवस्थित दिसतं. परीक्षकांना मात्र प्रत्येक दुव्यावर परवानगी मागा अशी पाटी दिसते, आणि ती परवानगी मागत बसायला त्यांना वेळ नसतो. त्या तीन फाइलींपुरती परवानगी `Anyone with the link` आणि `Viewer` अशी करायची. पूर्ण फोल्डर खुलं करायचं नाही, कारण त्यात नावांसकट मूळ फोटो असतात. मग ब्राउजरची `Incognito` खिडकी उघडून, कुठल्याही खात्यात न शिरता, एकेक दुवा दाबून बघायचा. सगळं महाविद्यालयाच्या खात्यावर असेल, तर अभ्यासक्रम संपल्यावर ते खातं बंद होऊ शकतं आणि त्याबरोबर दुवेही मरतात. निकालाआधीच स्वतःच्या खात्यात प्रत करून दुवे बदलून घ्यावेत.

चिंतनासाठी दीडशे शब्द खूप झाले. अमेरिकन शिक्षक टेरी बॉर्टन यांनी १९७० मध्ये मांडलेले तीन प्रश्न इथे कामी येतात: काय झालं, त्याचा अर्थ काय, आणि आता काय? पहिल्या प्रश्नावर लोक पानभर लिहितात. नोंदीत त्याला दोन वाक्यं बास, कारण काय झालं ते पुराव्यात दिसतंच. वजन दुसऱ्या प्रश्नाला द्यायचं. या छात्राध्यापिकेचं चिंतन असं होऊ शकेल:

‘दशांश अपूर्णांकांची तुलना शिकवताना पहिल्या दिवशी बऱ्याच मुलांनी ०.३५ हा ०.५ पेक्षा मोठा ठरवला. शतचौकोन रंगवून घेतल्यावर बरोबर उत्तरं वाढली आणि पाठ यशस्वी झाला असं मी वहीत लिहिलं. पत्रिका पुन्हा वाचताना एका मुलाचं कारण खटकलं (दुवा २). तपासल्यावर दिसलं की माझ्या पाचही जोड्यांत कमी अंकांची संख्याच मोठी होती (दुवा ३). त्यामुळे चुकीच्या नियमानेही पूर्ण गुण मिळू शकत होते. शतचौकोनांचा उपयोग झाला की नाही, हे या चाचणीवरून मी सांगू शकत नाही. यापुढे प्रत्येक चाचणीत ०.४ आणि ०.६५, ०.५ आणि ०.५० अशा जोड्या मिसळेन आणि निदान एका प्रश्नाला कारण मागेन.’

यात ‘खूप निराश’ नाही आणि ‘बाई खूश’ही नाही. निराशा खरीच होती, पण तिने काही घडवलं नाही. घडवलं ते मुलाच्या एका वाक्याने. ‘यापुढे अधिक मेहनत घेईन’ असंही नाही. पुढच्या वर्गात नेमक्या कुठल्या संख्या फळ्यावर लिहायच्या, तेच त्यात आहे. मार्गदर्शकांना हे वाचून वाद घालता येईल, आणि तो घालावाच. ‘एका मुलाच्या कारणावरून तू पूर्ण वर्गाबद्दल शंका घेतेस, बाकीच्यांची कारणं कशी होती?’ असं त्यांनी विचारलं, तर ती इतर पत्रिका काढून बघू शकते.

आंतरवासितेचे आठवडे उरले असतील, तर मिसळलेल्या जोड्यांची चाचणी खरोखर घ्यावी आणि तिचा निकाल त्याच नोंदीखाली नवी तारीख टाकून, चौथ्या दुव्यासह जोडावा. आधीचा मजकूर खोडू नये. निकाल तिच्या शंकेच्या विरुद्ध गेला, म्हणजे मुलांना ०.४ आणि ०.६५ देखील नीट जमले, तर तेही तसंच लिहावं.