सरासरी तीच, निकाल वेगळा

महामार्गाच्या भरावावर रोलर फिरून गेला की प्रयोगशाळेचा माणूस त्या थरात सुमारे 15 सेंटिमीटर खोल खड्डा खणतो. निघालेली माती तो तोलतो आणि खड्ड्यात ठरावीक घनतेची वाळू सोडतो. किती वाळू मावली यावरून खड्ड्याचे आकारमान कळते. समजा, 1200 घनसेंटिमीटरच्या खड्ड्यातून 2352 ग्रॅम ओली माती निघाली. म्हणजे ओली घनता 1.96. ओलावा 12 टक्के असेल, तर कोरडी घनता 1.75 येते.

हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्याच मातीवर प्रयोगशाळेत 4.9 किलोचा हातोडा आपटून प्रॉक्टर चाचणी केलेली असते. तिथे मिळालेली कमाल कोरडी घनता 1.80 असेल, तर आपला थर 97 टक्के दबला. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांनुसार भरावाला किमान 95 टक्के लागतात.

अहवालाचा गोषवारा लिहिताना खरी गंमत पुढे आहे. एका चाचणीवर थर पास होत नाही. साधारण सहा चाचण्यांचा संच धरतात. एका थरात 99, 95, 98, 94, 97, 96 असे टक्के आले, दुसऱ्यात 97, 96, 97, 96, 97, 96. दोन्हींची सरासरी 96.5. पण नियम म्हणतो, सरासरी 95 च्या वर पुरेशी हवी, आणि ‘पुरेशी’ किती हे आकड्यांच्या विखुरणीवर ठरते. सहा चाचण्यांसाठी प्रमाण विचलनाला सुमारे 0.98 ने गुणून ते 95 मध्ये मिळवायचे. पहिल्या थराचे विचलन 1.87, म्हणून सरासरी 96.8 हवी होती, थर नापास. दुसऱ्याचे 0.55, म्हणून 95.5 पुरे; थर पास.

यामागे साधा विचार आहे. आपण सहाच जागी खणले. तेवढ्यात आकडे 94 ते 99 असे हेलकावे खात असतील, तर न खणलेल्या जागी 92 ही असू शकतात. पुढे खचतात त्या याच जागा.

म्हणून गोषवाऱ्यात नुसती सरासरी लिहिणे म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणे. साखळी क्रमांक, थर, सरासरी, विचलन, लागणारी सरासरी आणि निर्णय एका ओळीत दिसले पाहिजेत. ओलाव्याचा रकानाही हवा: इष्टतम ओलाव्यापेक्षा फार कोरडी माती कितीही रोलर फिरवला तरी नीट दबत नाही, आणि विखुरणीचे कारण बहुधा असमान पाणी मारण्यातच सापडते.

एखाद्या खड्ड्याला 104 टक्के आले तर खूश होऊ नये. बहुतेकदा त्याचा अर्थ असा की खाणीतली माती बदलली आणि तुलना जुन्याच प्रॉक्टरशी चालली आहे. तेव्हा आधी नवी प्रॉक्टर चाचणी करावी. नापास थर उकरून, पाणी मारून पुन्हा दाबतात आणि पुन्हा तपासतात. नवे आकडे अहवालात येतात, पण जुने खोडायचे नसतात.