जरा अलीकडचा फोटो पाठवता का?

स्थळाचा फोटो कधीच अगदी खरा नव्हता. आमच्या लहानपणी पुण्या-नाशकातले स्टुडिओवाले निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून गालावरचे डाग आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवत असत, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. कारण तो फोटो फार तर आठवडाभर टिकायला हवा होता. पुढच्या रविवारी कांदेपोहे, आणि माणूस समोर.

इथे तसं नाही. मुलगी शार्लटला, मुलगा सिअ‍ॅटलला. थेट विमान पाच तासांहून जास्त, दोघांच्या सुट्ट्या जुळायच्या, तिकिटं काढायची. तोवर दीड-दोन महिने फोटो हाच माणूस. मंडळाच्या वधूवर मेळाव्यात नावनोंदणीच्या टेबलावर मी काही वर्षं बसते आहे, आणि पालक माझ्या कानाशी येऊन हळू आवाजात जे विचारतात, त्यात पगार आणि पत्रिकेच्या खालोखाल हाच प्रश्न असतो : "फोटो जुना वाटतो हो. दुसरा मागितला तर वाईट दिसेल का?"

मागावा. पण मागण्याआधी हे समजून घेतलेलं बरं, की फोटो गुळगुळीत झाला म्हणजे समोरच्याने लबाडीच केली असं नाही. बऱ्याच फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात चेहरा नितळ करण्याची सोय असते आणि काहींमध्ये ती फोन विकत घेतल्यापासून आपोआप चालू असते. गूगलने 2020 साली आपल्या पिक्सेल फोनमध्ये ही सोय मुळात बंद ठेवायचं ठरवलं, म्हणजे त्याआधी बातमी होण्याइतकी ही गोष्ट सर्रास होती. आपला फोन आपल्याला उजळवतो आहे हे कित्येकांच्या गावीही नसतं. विनंती करताना याचाच आधार घ्यावा : दोष फोनवर टाकला की माणसाची अब्रू शिल्लक राहते.

फोटो सारवलेला आहे हे ओळखायला फार तंत्र लागत नाही. चेहरा बघू नका, चेहऱ्याच्या आसपास बघा. साडीच्या काठाची वीण स्पष्ट दिसते, पण कपाळावर एक रेघ नाही, तर फिल्टर आहे. केसांच्या कडा चेहऱ्यात विरघळल्यासारख्या दिसतात, कानातल्याचा एक मणी गायब असतो. कंबर बारीक केली असेल तर मागची दाराची चौकट त्या जागी किंचित वाकते. फोटो जुना आहे का हे तर पार्श्वभूमीच सांगते.

मात्र फोटोची तारीख फोनमध्ये शोधत बसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेल्या फोटोतून, तो कधी काढला ही माहिती निघून गेलेली असते. तुमच्या फोनवर दिसते ती तो तुमच्याकडे पोहोचल्याची तारीख. एका गृहस्थांनी ती बघून "परवाचाच आहे" असं घरात जाहीर केलं होतं.

आता ते शार्लट-सिअ‍ॅटलचं उदाहरण. नावं देत नाही, बाकी घडलं तसं सांगते. मुलगी एकतीस वर्षांची, मुलगा चौतीसचा. बायोडेटा मुलाच्या आईने पुण्याहून पाठवला होता, सोबत तीन फोटो. पहिल्यात सदरा, चेहरा लोण्यासारखा. दुसरा ग्रँड कॅन्यनला, काळा चष्मा घालून. तिसऱ्यात मित्रांचा घोळका, आणि मागच्या फलकावर बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या डॅलसच्या अधिवेशनाचं नाव. डॅलसचं अधिवेशन झालं 2019 मध्ये, आणि हा बायोडेटा आला सॅन होजेच्या 2024 च्या अधिवेशनानंतर. मधली पाच वर्षं कुठे गेली, हा मुलीच्या आईचा प्रश्न. मुलीला मात्र विचारायची लाज वाटत होती. "तो म्हणेल ही फोटोवरच जाते."

वडिलांनी मसुदा केला : "कृपया अलीकडील मूळ छायाचित्र पाठवावे, जेणेकरून पुढील निर्णय घेता येईल." पासपोर्ट कचेरीचं पत्रच. यातले दोन शब्द घातक आहेत. 'मूळ' म्हटलं की आधीचा खोटा ठरतो, आणि 'निर्णय' म्हटलं की समोरचा परीक्षेला बसतो. 'खरा', 'ओरिजिनल', 'एडिट न केलेला' हे शब्दही त्याच जातीचे. त्यांच्याऐवजी 'साधा', 'घरातला', 'अलीकडचा' म्हणावं. तेच मागितलं जातं, पण आरोप गळून पडतो.

शेवटी मुलीनेच निरोप लिहिला, आणि आधी स्वतःचे दोन फोटो पाठवले. एक ऑफिसातून आल्यावरचा, एक बहिणीने अंगणात काढलेला. खाली मजकूर असा :

"नमस्कार. बायोडेटात आईने माझे सगळे नटलेले फोटो दिलेत, म्हणून हे दोन रोजचे पाठवते आहे, गेल्या महिन्यातले. फोन हल्ली परस्पर चेहरा गुळगुळीत करतो, तेवढं बंद करून काढलेत. तुमचेही असेच एक-दोन साधे, गेल्या सहा महिन्यांतले असतील तर पाठवाल का? घाई नाही. प्रत्यक्ष भेटलो तर विमानतळावर ओळखायला बरं!"

यात तीन गोष्टी नीट झाल्या आहेत. आधी दिलं, मग मागितलं. मुदत स्पष्ट सांगितली. 'अलीकडचा' याचा अर्थ काहींच्या लेखी तीन वर्षंही असतो, पण सहा महिने हा आकडा इथे कोणाला खटकत नाही, कारण अमेरिकन पासपोर्टच्या फोटोलाही तोच नियम आहे. आणि कारण दिलं ते ओळखण्याचं, पारखण्याचं नव्हे.

हा निरोप मुलाला थेट गेला, पुण्याच्या काकूंना नाही, हेही महत्त्वाचं. दोन दिवसांनी उत्तर आलं. स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, रूममेटने काढलेला फोटो. कपाळ बरंच मागे सरकलेलं. सोबत लिहिलं होतं की बायोडेटात आईने कोणते फोटो लावले हे त्यालाही माहीत नव्हतं. असं फार वेळा होतं. फोटो निवडतात आईवडील, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर मुलगा पाच वर्षांपूर्वी विमानात बसला तेव्हाचाच असतो. म्हणून आईला विचारलं तर ती दुखावते, मुलाला विचारलं तर तो बहुधा हसतो. आईलाच विचारायची वेळ आली, तर पालकांनी पालकांना, फोनवर आणि सहज : "काकू, मुलं आता एकमेकांशी बोलणारच आहेत, तर त्यांनाच एकमेकांचे रोजचे फोटो पाठवू देऊ या का?"

हे दोघं पुढे भेटले, शार्लटच्या विमानतळावर तिने त्याला लांबून ओळखलं. लग्न मात्र झालं नाही. तिला शार्लट सोडायचं नव्हतं आणि त्याला सिअ‍ॅटल. त्यात केसांचा काही संबंध नव्हता.

या देशाने याहून वाईट प्रकार पाहिले आहेत. 1908 ते 1920 या काळात हजारो जपानी मुली फोटोवर लग्न ठरवून हवाईला आणि पश्चिम किनाऱ्यावर आल्या. धक्क्यावर उतरल्यावर हातातला फोटो आणि समोरचा माणूस ताडून बघायचा. काहींनी दहा-पंधरा वर्षं जुना फोटो पाठवलेला, काहींनी उसना सूट घालून, काहींनी तर मित्राचाच. परत जायचे पैसे नाहीत, कागदावर लग्न झालेलं. आपल्या मुलींना परतीचं तिकीट असतं, एवढा फरक आहे.

साधा फोटो मागतानाही एक मर्यादा लक्षात ठेवावी. हात लांब करून काढलेला सेल्फी फिल्टर नसला तरी खरा नसतो. जवळून काढलेल्या फोटोत जे लेन्सच्या जवळ, ते मोठं दिसतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2018 मध्ये हिशोब मांडून दाखवलं, की फूटभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे तीस टक्के रुंद भासतं. म्हणजे प्रामाणिकपणे पाठवलेल्या सेल्फीने मुलीवर उलटा अन्याय होतो. दुसऱ्याने पाच-सहा फुटांवरून, दिवसा खिडकीच्या उजेडात काढलेला फोटो सगळ्यात बरा.

मग व्हिडिओ कॉलच का नाही? तोही करावा, पण झूममध्ये Touch up my appearance नावाची सोय आहे, आणि 2024 पासून व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलवरही फिल्टर आलेत. त्यावर साधा उपाय म्हणजे खुर्चीत बसून मुलाखत घेण्याऐवजी चहा करता करता बोलावं. माणूस हलतो, उजेड बदलतो, तोंड फिरवतो, आणि दोन मिनिटांत जे कळायचं ते कळतं. पहिल्याच दिवशी मात्र अचानक कॉल लावू नये. ती धाड वाटते.

विनंती एकदाच करावी. आठवडाभर उत्तर नाही आलं तर हलकी आठवण, एकच. पुन्हा तसाच सारवलेला फोटो आला तर तिसरा मागू नये, थेट कॉलची वेळ ठरवावी. कॉलही टळत राहिला, तर ते स्थळ बाजूला ठेवावं. तिथे प्रश्न फोटोचा नसतो, आणि एव्हाना कोणी पैशांचा विषय काढला असेल तर मुळीच नसतो.

"पूर्ण उंचीचा पाठवा", "चष्मा काढून पाठवा", "मेकअपशिवाय पाठवा" या मागण्या मी टेबलावर ऐकते आणि स्पष्ट नको म्हणते. जून 2020 मध्ये डॅलसच्या एका भारतीय तरुणीने आवाज उठवला आणि शादी डॉट कॉमला त्वचेच्या रंगाचा पर्याय काढून टाकावा लागला. संकेतस्थळावरून तो गेला, पण घराघरांतून गेलेला नाही. साधा फोटो मागून त्यात रंगच तपासायचा असेल, तर मुली चेहरा उजळवून पाठवतात याचं आश्चर्य कशाला वाटावं?

जुने फोटो पाठवण्याचं आणखी एक कारण मुलींनीच मला सांगितलं. नवा फोटो गेला की तो दोन तासांत मावशी, आत्या आणि ठाण्याच्या वहिनींच्या ग्रुपवर असतो, आणि नकार आला तरी तिथेच राहतो. म्हणून मागतानाच सांगावं, "हा माझ्याकडेच राहील, आईबाबांना फक्त दाखवेन." आणि तसं वागावं. नकार द्यायचा झाला, तर फोटो आल्यानंतर तासाभरात देऊ नये. कारण काहीही लिहिलं तरी वाचणारी एकच वाचते. एकदा बोलून घ्यावं, मग दोन-चार दिवसांनी सांगावं, "बोलून छान वाटलं, पण पुढे जावं असं मला वाटत नाही. तुमचे फोटो मी फोनवरून काढून टाकले आहेत."