‘अजिंठा करून’ म्हणजे किती तास?

मागच्या हिवाळ्यात मामेभावाने घरच्या ग्रुपवर सहलीचा बेत लिहून पाठवला. मजकूर असा होता: ‘शनिवारी पहाटे पुण्याहून निघून दुपारी जेवायला संभाजीनगर. संध्याकाळी मकबरा आणि पाणचक्की बघून घेऊ. रविवारी दौलताबाद चढून जाता जाता वेरूळ, मग घृष्णेश्वराचं दर्शन, वेळ उरला तर खुलताबादला भद्रा मारुती. सोमवारी अजिंठा करून मुक्कामाला परत. वेरूळचं काही राहिलं तर मंगळवारी निघताना बघू. आजी बरोबर आहे, तिला उन्हात फार चालवायचं नाही.’

वाचून सगळ्यांनी होकार कळवला. मी कागद घेऊन त्याचा दिवसवार तक्ता करायला बसले, तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत लक्षात आलं की हा बेत पार पडणारच नाही. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. म्हणजे सोमवारी आम्ही शंभर किलोमीटर जाऊन बंद दारापाशी उभे राहिलो असतो, आणि ‘राहिलं तर मंगळवारी’ ही पळवाटही बंदच होती.

परिच्छेदात हे कुणाला दिसलं नाही, त्याला आपली भाषाही थोडी कारण आहे. ‘निघून’, ‘चढून’, ‘करून’, ‘जाता जाता’ अशा रूपांनी मराठी वाक्य सुरेख पुढे सरकतं, पण त्या प्रत्येक रूपाच्या पोटात काही तास असतात. तक्ता करणं म्हणजे मुख्यतः ही क्रियापदं शोधून त्यांचे तास बाहेर काढणं. म्हणून लगेच रकाने आखायला घेऊ नयेत. आधी मूळ मजकुरावरच पेन चालवावं: ठिकाणांना गोल, वेळेच्या शब्दांखाली रेघ, ‘-ऊन’वाल्या क्रियापदांवर फुली, आणि ‘उरला तर’, ‘राहिलं तर’ अशा जर-तरच्या भागांना चौकट.

आमच्या मजकुरात वेळेचे शब्द होते, पण घड्याळातली वेळ एकही नव्हती. अशा जागी तक्ता करणाऱ्याला मोह होतो की ‘सकाळी’ला सरळ ९ लिहून टाकावं. तसं केलं की पुढे वाचणाऱ्याला ती ठरलेली वेळ वाटते. मी ठरलेली वेळ तशीच लिहिते आणि माझ्या अंदाजाच्या वेळेआधी ‘अं.’ लावते. कुठली ओळ अर्ध्या तासाने सरकली तरी चालेल आणि कुठली नाही, हे त्या एका अक्षरामुळे प्रवासात चटकन कळतं.

भरायला सुरुवात मात्र पहिल्या दिवसापासून करायची नाही. जे हलवता येत नाही ते आधी बसवायचं: सुट्टीचे वार, उघडण्याच्या वेळा, भरलेलं बुकिंग. इथे दोन बंद वारांनीच निर्णय दिला. अजिंठा रविवारी गेलं, वेरूळ सोमवारी आलं.

मग ‘अजिंठा करून’ या शब्दांवरची फुली सोडवायला घेतली. संभाजीनगरहून अजिंठा साधारण शंभर किलोमीटर, म्हणजे जायलाच अडीच तास धरायला हवेत. आपली गाडी थेट लेण्यांपर्यंत जात नाही. ती फर्दापूरच्या फाट्याला लावून पुढचे चारेक किलोमीटर तिथल्या बसने जावं लागतं. नंतर पायऱ्या. म्हणून प्रवासाला, बस बदलण्याला आणि जेवणाला तक्त्यात स्वतःची ओळ दिली. बहुतेक तक्ते इथेच फसतात: त्यांत फक्त प्रेक्षणीय स्थळं असतात, आणि दोन स्थळांमधला रस्ता कुणाच्याच खात्यावर नसतो.

रविवार

| वेळ | ठिकाण | टिपा |
|---|---|---|
| ६.३० | मुक्कामाहून निघणे | नाश्ता डब्यात |
| अं. ९.०० | फर्दापूर फाटा | गाडी इथे ठेवून बसने पुढे |
| अं. ९.४५ | अजिंठा लेणी | आजीसाठी डोली ठरवणे. चित्रांसाठी १, २, १६, १७ आधी. फ्लॅश चालत नाही |
| अं. १.३० | खाली उतरून जेवण | |
| ३.०० | परतीचा प्रवास | |
| अं. ५.३० | मुक्काम | संध्याकाळ मोकळी |

दोन शब्दांच्या पोटातून अकरा तास निघाले. त्या संध्याकाळी बाजारात जायचं काही जणांच्या मनात होतं, ते मी तक्त्यात घातलं नाही.

एक दिवस हलवला की दुसऱ्या दिवसाचा स्वभाव बदलतो, हे विसरून चालत नाही. वेरूळ सोमवारी आल्यामुळे घृष्णेश्वरही सोमवारी आला, आणि ज्योतिर्लिंगाला सोमवारी रांग असणारच. मग दर्शन आधी की लेणी आधी? लेणी संध्याकाळी बंद होतात, मंदिर त्यानंतरही उघडं असतं, म्हणून लेणी आधी. शिवाय वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे दुपार कलल्यावर तिथे उजेड चांगला येतो. दौलताबादची चढण मात्र ऊन चढायच्या आत हवी. तो किल्ला वेरूळच्या रस्त्यावरच, शहरापासून पंधरा किलोमीटरवर आहे.

सोमवार

| वेळ | ठिकाण | टिपा |
|---|---|---|
| ८.१५ | निघणे | |
| अं. ९.०० | दौलताबाद | अंधारीसाठी टॉर्च. आजी आणि मावशी पायथ्याशी सावलीत |
| अं. १२.०० | वेरूळकडे, वाटेत जेवण | वेळेत असू तरच वाटेवर खुलताबादला भद्रा मारुती |
| अं. १.३० | वेरूळ लेणी | आधी बौद्ध लेणी (१ ते १२), ३ नंतर कैलास (१६). जैन लेणी लांब आहेत, वाहनाने |
| अं. ५.३० | घृष्णेश्वर | सोमवारची रांग. गाभाऱ्यात पुरुषांना अंगात सदरा चालत नाही |
| अं. ७.३० | मुक्काम | |

भद्रा मारुतीला स्वतंत्र ओळ नाही, याकडे लक्ष द्या. जर-तरची गोष्ट ओळीत बसवली की ती पक्की ठरते आणि पुढचं सगळं तिच्यापायी ढकललं जातं. तिची जागा टिपांमध्ये, तीही अटीसकट.

टिपांचा रकाना सर्वांत आधी बिघडतो. मामेभावाने पहिल्या खेपेला त्यात देवगिरीचा इतिहास लिहिला होता. वाचायला छान, पण किल्ल्याच्या दारात उभं असताना हवी असते ती टॉर्चची आठवण. त्या जागी, त्या वेळी हात किंवा पाय ज्यासाठी हलवावे लागतील तेवढंच टिपांत ठेवायचं. आजीचं ऊन मात्र मी ‘पायथ्याशी सावलीत’ म्हणून मुद्दाम ठेवलं. नाहीतर ऐन वेळी कुणीतरी दौलताबाद दुपारी ढकलतं, आणि ते सकाळी का ठेवलं होतं हे कुणाला आठवत नाही.

वार लिहिताना शेजारी तारीखही लिहावी आणि दोन्ही कॅलेंडरवर ताडून पाहावीत. रेल्वेने जाणाऱ्यांनी तर नक्कीच. शनिवारी रात्री १२ वाजून २० मिनिटांनी सुटणारी गाडी तिकिटावर रविवारची असते, आणि ‘शनिवारी रात्री निघू’ असं लिहिलेल्या बेतात हा फरक कुठेच दिसत नाही.

तक्ता झाल्यावर मी तो दोनदा तपासला. पहिल्यांदा फक्त ठिकाणांचा रकाना वरून खाली मोठ्याने वाचला आणि प्रत्येक दोन ओळींमध्ये विचारलं, ‘इथून तिथे कसे गेलो?’ उत्तर नसेल तिथे एक ओळ कमी आहे. शनिवारच्या भागात अशी एक सापडली: पहाटे निघून दुपारी पोचेपर्यंत चहा-नाश्त्याला थांबण्याची वेळच धरली नव्हती. दुसऱ्यांदा मूळ मजकूर शेजारी ठेवून प्रत्येक गोल, रेघ, फुली आणि चौकट तक्त्यात कुठे गेली ते टिक करत गेले. ‘वेरूळचं काही राहिलं तर मंगळवारी’ हे एकच वाक्य टिकशिवाय उरलं. मंगळवारच्या ओळीत लिहिलं: ‘८.०० पुण्याकडे. वेरूळ आज बंद.’