कमिटनंतरचा निरोप: आउटबॉक्स पद्धत

एकच काम दोन ठिकाणी नोंदवायचे असते, तेव्हा आउटबॉक्स पद्धतीची गरज पडते. समजा, ऑनलाइन पुस्तकविक्रीच्या एका दुकानात ६४० रुपयांची ऑर्डर येते. ऑर्डर सांभाळणारा प्रोग्राम ती पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये लिहितो आणि गोदामाच्या प्रोग्रामला काफ्कामार्फत संदेश पाठवतो: या ऑर्डरसाठी पुस्तक बाजूला काढा. डेटाबेस आणि काफ्का या दोन स्वतंत्र यंत्रणा आहेत. एकीतली नोंद पक्की झाली म्हणून दुसरीकडचा संदेश गेलाच, अशी हमी कोणीही देत नाही.

आधी डेटाबेसमध्ये कमिट करून मग संदेश पाठवला, तर या दोन कृतींच्या मधे काही मिलिसेकंदांची फट राहते. नेमका तेवढ्यात प्रोग्राम बंद पडला किंवा नवी आवृत्ती चढवण्यासाठी तो थांबवला गेला, तर ऑर्डर राहते आणि निरोप हरवतो. पैसे घेतलेले असतात, पुस्तक मात्र गोदामातून हलत नाही. लॉगमध्ये चूक दिसतेच असे नाही, कारण ती लिहायला प्रोग्राम जिवंत नसतो. क्रम उलटा केला, तर दोषही उलटा होतो. संदेश आधी जातो, मग कमिट फसते आणि अस्तित्वातच नसलेल्या ऑर्डरसाठी गोदामात पुस्तक बांधले जाते. न गेलेले संदेश मेमरीत ठेवून पुन्हा पाठवण्यानेही भागत नाही, कारण प्रोग्रामबरोबर मेमरीही जाते. दोन्ही यंत्रणांना एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधणारा द्विटप्पी कमिट जुना आहे. पण काफ्का त्यासाठीचा प्रचलित एक्सए प्रोटोकॉल पाळत नाही, आणि जिथे तो चालतो तिथेही समन्वयक मधेच बंद पडला की डेटाबेसमधली कुलुपे तशीच अडकून राहतात.

आउटबॉक्स पद्धत संदेश पाठवण्याचे काम कमिटच्या वेळी करतच नाही. सरकारी कचेरीतल्या जावक नोंदवहीसारखे एक टेबल त्याच डेटाबेसमध्ये ठेवले जाते आणि ऑर्डरबरोबर, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, पाठवायचा निरोप तिथे लिहिला जातो.

```sql
BEGIN;
INSERT INTO orders (id, total) VALUES (5012, 640);
INSERT INTO outbox (event_id, order_id, type)
VALUES (gen_random_uuid(), 5012, 'OrderPlaced');
COMMIT;
```

एकाच ट्रान्झॅक्शनमधल्या नोंदी एकतर सगळ्या टिकतात किंवा एकही टिकत नाही. त्यामुळे ऑर्डर आहे पण निरोप नाही, किंवा निरोप आहे पण ऑर्डर नाही, अशी अवस्था उरतच नाही. पुढचे काम रिले नावाच्या वेगळ्या प्रोग्रामचे. तो दर काही क्षणांनी न पाठवलेल्या नोंदी वाचतो, काफ्काला देतो, पोच मिळेपर्यंत थांबतो आणि मगच त्या नोंदीच्या `published_at` रकान्यात वेळ भरतो.

```sql
SELECT * FROM outbox
WHERE published_at IS NULL
ORDER BY id LIMIT 100;
```

हा रकाना अनेकांना अनावश्यक वाटतो. नोंदींना चढते क्रमांक आहेतच, तर शेवटचा पाठवलेला क्रमांक लक्षात ठेवून त्यापुढच्या नोंदी वाचल्या की झाले, असा विचार सहज सुचतो. संदेश हरवण्याचे सर्वांत फसवे कारण इथेच दडलेले असते. पोस्टग्रेस क्रमांक देतो तो नोंद लिहिताना, कमिट होताना नव्हे. एका ट्रान्झॅक्शनने १०१ क्रमांक घेतला आणि ते रेंगाळले. तोवर दुसऱ्याने १०२ घेतला आणि ते आधी कमिट झाले. रिलेला त्या क्षणी फक्त १०२ दिसतो. तो पाठवून रिले ‘१०२ पर्यंत झाले’ असे टिपून ठेवतो. नंतर १०१ कमिट होतो, पण रिले मागे वळून पाहत नाही आणि तो निरोप टेबलात कायमचा पडून राहतो. चाचणीत हे बहुधा सापडत नाही, कारण तिथे एका वेळी एकच ऑर्डर येते. गर्दी वाढली की सापडते, तेही एखाद्या ग्राहकाची तक्रार आल्यावर. प्रत्येक नोंदीवर ‘पाठवली’ अशी स्वतंत्र खूण असली, तर उशिरा आलेला १०१ पुढच्या फेरीत आपोआप उचलला जातो.

संदेश हरवणे असे थांबते, पण दोनदा जाणे थांबत नाही. काफ्काकडून पोच आली आणि खूण करण्याआधीच रिले बंद पडला, तर पुन्हा सुरू झाल्यावर त्याला ती नोंद न पाठवलेलीच दिसते आणि तो ती परत पाठवतो. खूण आधी करून मग पाठवले, तर संदेश हरवण्याची वाट पुन्हा मोकळी होते. म्हणून इथे जाणीवपूर्वक निवड केली जाते: संदेश किमान एकदा जाईलच, मग कधी दोनदा गेला तरी चालेल. दुसरी प्रत ओळखण्याचे काम घेणाऱ्याकडे येते.

गोदामाचा प्रोग्राम आपल्या डेटाबेसमध्ये इनबॉक्स नावाचे टेबल ठेवतो. त्यात `event_id` एकमेव असण्याची अट असते. संदेश आला की त्याची ओळख आधी तिथे नोंदवायची आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये साठा कमी करायचा.

```sql
INSERT INTO inbox (event_id) VALUES ($1)
ON CONFLICT DO NOTHING;
```

एक ओळ लिहिली गेली तर संदेश नवा. शून्य ओळी आल्या तर काम आधीच झालेले आहे, संदेश सोडून द्यायचा. ‘आधी पाहा, नसेल तर लिहा’ असे दोन टप्पे केले, तर एकाच वेळी आलेल्या दोन प्रतींना ‘नाही’ असेच उत्तर मिळू शकते. एकमेव असण्याची अट ती फट बुजवते. मात्र हे सारे `event_id` पहिल्या ट्रान्झॅक्शनमध्येच ठरलेला असेल तरच चालते. तो रिलेने पाठवताना तयार केला, तर दुसरी प्रत नवी ओळख घेऊन येते आणि पुस्तक दोनदा बाजूला काढले जाते. डेटाबेसबाहेरच्या कामांना हे संरक्षण मिळत नाही. ईमेल गेल्यावर प्रोग्राम पडला, तर ग्राहकाला तीच ईमेल पुन्हा जाऊ शकते. पैशांच्या व्यवहारात म्हणूनच पेमेंट सेवेला एक न बदलणारी ओळख सोबत देतात, म्हणजे तीच विनंती पुन्हा आली तरी पैसे दुसऱ्यांदा कापले जात नाहीत.

क्रमाचे बंधन बहुधा एकेका ऑर्डरपुरतेच लागते: ‘ऑर्डर दिली’ हे ‘रद्द केली’च्या आधी पोचले पाहिजे. ऑर्डर क्रमांक ही काफ्का संदेशाची की ठेवली, तर एका ऑर्डरचे सर्व संदेश एकाच पार्टिशनमध्ये, पाठवलेल्या क्रमाने बसतात. वेग वाढवायला अनेक रिले चालवले की हा क्रम मोडू शकतो. बऱ्याच दुकानांना एकच रिले पुरतो आणि तो मोह टाळणेच बरे.

टेबल वारंवार वाचण्याऐवजी डेबेझियमसारखे साधन पोस्टग्रेसची बदलनोंद, म्हणजे वॉल, थेट वाचते. तिथे व्यवहार कमिटच्या क्रमाने मिळतात, त्यामुळे १०१ आणि १०२ ची भानगड राहत नाही. पण डेबेझियम बंद असेपर्यंत पोस्टग्रेस न वाचलेला वॉल जपून ठेवतो आणि डिस्क भरून अख्खा डेटाबेस ठप्प होऊ शकतो. म्हणून हा साचत चाललेला वॉल मोजावा लागतो. साध्या रिलेच्या बाबतीत सर्वांत जुन्या न पाठवलेल्या नोंदीचे वय पाहतात. ते सेकंदांवरून मिनिटांवर गेले की रिले थांबला आहे किंवा एखादा संदेश काफ्का नाकारत आहे असे समजते. पाठवून झालेल्या नोंदी काही दिवसांनी पुसल्या जातात. इनबॉक्समधल्या मात्र, जुना संदेश पुन्हा येण्याची शक्यता असेपर्यंत, ठेवाव्या लागतात.